कमिशनर, कलेक्टर, कॉन्स्टेबल: भाषांतरात पदनाम कसं ठरवायचं

प्रश्न: ताई, मी एका वकिलांच्या कार्यालयात इंग्रजी निकाल आणि पोलिसांच्या कागदांचं मराठी भाषांतर करतो. ठाण्याकडच्या हद्दपारीच्या एका निकालात डेप्युटी कमिशनर, असिस्टंट कमिशनर, डिव्हिजनल कमिशनर आणि नुसता कमिशनर असे चार जण आलेत. सगळ्यांना आयुक्त-उपायुक्त लिहून भागेल का? हेड कॉन्स्टेबलला शिपाई लिहू की हवालदार? आणि कलेक्टर व डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेट एकच माणूस असेल तर दोन्हीकडे जिल्हाधिकारी लिहिलं तर चालेल का?

उत्तर:

शेवटचे दोन प्रश्न आधी संपवते. हेड कॉन्स्टेबल म्हणजे पोलीस हवालदार, आणि नुसता कॉन्स्टेबल म्हणजे पोलीस शिपाई. कलेक्टर म्हणजे जिल्हाधिकारी आणि डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेट म्हणजे जिल्हादंडाधिकारी. माणूस एकच असला तरी दोन्हीकडे एकच पदनाम लिहून चालणार नाही. त्याचं कारण पुढे येईलच. कमिशनरचा प्रश्न मात्र खरोखर गुंतागुंतीचा आहे. तुमच्या निकालात तो शब्द दोन वेगवेगळ्या खात्यांतल्या अधिकाऱ्यांसाठी वापरलेला असणार, असं मला निकाल न पाहताही वाटतं.

मी हे काम बरीच वर्षं करते आहे. या काळात एक सवय लागली, ती आधी सांगते, कारण बाकीचं सगळं तिच्यावरच उभं आहे. इंग्रजी पदनाम दिसलं की मी आधी त्याचा मराठी शब्द शोधत नाही. या माणसानं या कागदात काय केलं आणि कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली केलं, ते पाहते. कलम सापडलं की खातं कळतं, आणि खातं कळलं की पदनाम आपोआप ठरतं. उलट्या बाजूनं सुरुवात केली, तर पदनामकोशात एका शब्दापुढे तीन पर्याय दिसतात आणि तिन्ही बरोबर वाटतात.

आता तुमचा हद्दपारीचा निकाल घेऊ. ही कारवाई महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 56 खाली होते. आयुक्तालयाच्या हद्दीत तिचा प्रवास साधारण ठरलेला असतो. पोलीस ठाण्याचे वरिष्ठ पोलीस निरीक्षक प्रस्ताव पाठवतात. सहायक पोलीस आयुक्त चौकशी करतात, गोपनीय साक्षीदारांचे जबाब पडताळतात आणि कलम 59 ची नोटीस देतात. त्यानंतर परिमंडळाचे पोलीस उपायुक्त त्या माणसाचं म्हणणं ऐकून आदेश काढतात. ही हद्दपारी जास्तीत जास्त दोन वर्षांची असते. तिच्याविरुद्ध 30 दिवसांत कलम 60 खाली राज्य शासनाकडे अपील करता येतं, आणि व्यवहारात ही अपिलं बहुतेक वेळा विभागीय आयुक्तांपुढे चालतात. ठाण्याचा मामला असेल तर ते कोकण विभागाचे विभागीय आयुक्त. अपील फेटाळलं गेलं की माणूस उच्च न्यायालयात रिट घेऊन जातो, आणि तिथला निकाल आज तुमच्या टेबलावर आहे.

म्हणजे डेप्युटी कमिशनर आणि असिस्टंट कमिशनर हे पोलीस खात्यातले, तर डिव्हिजनल कमिशनर हे महसुली प्रशासनातले, सहसा भारतीय प्रशासन सेवेतले अधिकारी. त्यांचा पोलिसांच्या शिडीशी काही संबंध नाही. आता चौथा, नुसता कमिशनर. निकालात एखाद्या परिच्छेदात ‘कमिशनरनं अपील फेटाळताना मनाचा वापर केला नाही’ अशा अर्थाचं वाक्य असेल, तर तो विभागीय आयुक्त आहे, कारण अपील त्याच्यापुढे होतं. दुसऱ्या परिच्छेदात ‘कमिशनरच्या अधिकारक्षेत्रातून हद्दपार’ असं असेल, तर तिथे पोलीस आयुक्तालयाची हद्द अभिप्रेत आहे आणि कमिशनर म्हणजे पोलीस आयुक्त. एकाच निकालात हे दोन्ही असू शकतं. न्यायाधीशांना आणि वकिलांना संदर्भ ठाऊक असल्यामुळे त्यांना फरक पडत नाही. पण तुमचं भाषांतर वाचणारा बहुधा तो हद्दपार झालेला माणूस किंवा त्याची बायको असेल. त्याला ‘आयुक्तांनी अपील फेटाळलं’ असं वाचायला मिळालं, तर पोलिसांच्या आदेशावरचं अपील पोलिसांनीच ऐकलं असं त्याला वाटेल. मग पुढे काय करायचं याचा तो चुकीचा विचार करेल. म्हणून माझा नियम साधा आहे: नुसतं ‘आयुक्त’ लिहायचं नाही; अपवाद एकच, तो शेवटी सांगते. मूळ इंग्रजीत विशेषण नसलं तरी मराठीत पोलीस आयुक्त, विभागीय आयुक्त, महानगरपालिका आयुक्त असं पूर्ण लिहायचं. महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्त, साखर आयुक्त, जमाबंदी आयुक्त, राज्यकर आयुक्त असे आणखी कितीतरी आयुक्त आहेत.

याच निकालात ‘डिव्हिजन’ या शब्दाकडेही लक्ष ठेवा. सहायक पोलीस आयुक्तांच्या हाताखालच्या काही पोलीस ठाण्यांच्या क्षेत्रालाही पोलीस खात्यात विभागच म्हणतात. विभागीय आयुक्तांचा विभाग म्हणजे अनेक जिल्ह्यांचा मोठा प्रदेश. राज्यात असे सहाच आहेत: कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर. त्यामुळे ‘असिस्टंट कमिशनर, अमुक डिव्हिजन’ हे मी ‘सहायक पोलीस आयुक्त, अमुक विभाग’ असंच लिहिते. ‘विभागीय सहायक आयुक्त’ अशी उलटापालट केली, तर ते महसूल आयुक्तालयातलं पद वाटतं. पोलीस उपायुक्तांच्या क्षेत्राला परिमंडळ म्हणतात. तिथे झोनसाठी ‘विभाग’ लिहिलं की सगळा गोंधळ होतो.

हीच कारवाई ठाणे ग्रामीण किंवा सातारा जिल्ह्यात झाली असती, तर पदनामं पूर्ण बदलली असती. जिल्ह्यात पोलीस आयुक्त नसतो, पोलीस अधीक्षक असतो. चौकशी उपविभागीय पोलीस अधिकारी करतो. कलम 56 चा आदेश मात्र बहुधा उपविभागीय दंडाधिकारी काढतो आणि तो महसूल खात्यातला प्रांत असतो. इंग्रजी निकालात एसडीपीओ, एसडीओ आणि एसडीएम ही तीन संक्षिप्त रूपं एकमेकांजवळ येतात. पहिला पोलीस आहे. बाकीचे दोन म्हणजे सहसा एकच महसुली अधिकारी, दोन वेगवेगळ्या नात्यांनी. इथेच तुमचा कलेक्टरचा प्रश्न येतो.

जिल्ह्याचा प्रमुख दोन प्रकारच्या अधिकारांनी काम करतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 खाली तो जिल्हाधिकारी असतो: जमिनीचा अकृषिक वापर, भूसंपादन, गौण खनिज, फेरफाराची अपिलं हे सगळं त्या नात्यानं. शांतता आणि सुव्यवस्थेसाठी तो जिल्हादंडाधिकारी असतो: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खालचा मनाई आदेश, शस्त्र परवाने, स्थानबद्धतेचे आदेश हे त्या नात्यानं. कलम 163 म्हणजे 1 जुलै 2024 आधीचं कलम 144. त्या तारखेआधीच्या कागदात जुनाच क्रमांक असेल, तो बदलू नका. आदेशाच्या डोक्यावर अनेकदा ‘जिल्हाधिकारी तथा जिल्हादंडाधिकारी’ असं दोन्ही छापलेलं असतं. तरी निकालात न्यायालय ज्या नात्याचा उल्लेख करतं तेच मराठीत यायला हवं. स्थानबद्धतेचा आदेश ‘जिल्हाधिकाऱ्यांनी’ काढला असं भाषांतरात आलं, तर विरुद्ध बाजूचा वकील पहिल्याच तारखेला उभा राहील. जिल्हाधिकारी म्हणून तो आदेश काढण्याचा अधिकारच नाही, असं तो म्हणेल. मुद्दा टिकणार नाही, पण तारीख जाईल.

आयुक्तालयाच्या शहरात हे दंडाधिकाऱ्याचे बरेचसे अधिकार पोलीस आयुक्तांकडे असतात. पुण्यात जमावबंदीचा आदेश पोलीस आयुक्तालयातून निघतो, साताऱ्यात जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयातून. जिल्ह्यातला असा आदेश पुष्कळदा अपर जिल्हादंडाधिकाऱ्याच्या सहीनं निघतो, आणि तो माणूस म्हणजे निवासी उपजिल्हाधिकारी. म्हणजे सही एक, पण ती दोन वेगवेगळ्या शिडींवरची. अशा वेळी सहीखाली जे छापलं आहे तेच घ्या. आपल्या माहितीतून दुसरं पद जोडू नका.

दंडाधिकारी शब्दाबाबत आणखी एक. ज्युडिशियल मॅजिस्ट्रेट हे न्यायखात्यातले, त्यांना न्यायदंडाधिकारी लिहायचं. एक्झिक्युटिव्ह मॅजिस्ट्रेट म्हणजे कार्यकारी दंडाधिकारी. तहसीलदार हा तालुक्याचा कार्यकारी दंडाधिकारी असतो, पण तो न्यायदंडाधिकारी कधीच नसतो. मुंबईच्या जुन्या कागदांत महानगर दंडाधिकारी येतात. नव्या संहितेत ते पद राहिलेलं नाही, म्हणून 2024 नंतरच्या कागदात ते दिसलं तर मूळ मजकूर पुन्हा नीट वाचा.

आता पोलीस ठाण्याकडे वळू. भाषांतरात सर्वाधिक चुका इथेच होतात, आणि त्या दिसतात छोट्या पण लागतात मोठ्या.

खालून वर क्रम असा: पोलीस शिपाई, पोलीस हवालदार, सहायक पोलीस उपनिरीक्षक, पोलीस उपनिरीक्षक, सहायक पोलीस निरीक्षक, पोलीस निरीक्षक. पूर्वी शिपाई आणि हवालदार यांच्यामध्ये पोलीस नाईक होता. ते पद महाराष्ट्रानं 2022 मध्ये संपवलं आणि नाईक हवालदार झाले. त्यामुळे 2016 च्या पंचनाम्यातल्या नाईकाला हवालदार करू नका, आणि त्याच माणसाची साक्ष 2024 मध्ये हवालदार म्हणून झाली असेल तर तीही तशीच ठेवा. दोन्ही कागद बरोबर आहेत. गावात कोणत्याही शिपायाला आदरानं ‘हवालदार साहेब’ म्हणायची पद्धत आहे. साक्षीदाराच्या तोंडी तसा शब्द आला असेल, तर तो अवतरणात जसाच्या तसा ठेवावा. पण त्या पोलिसाचं खरं पद बक्कल नंबराच्या पुढच्या अक्षरांवरून ठरवावं.

ही अक्षरं म्हणजे आपली सर्वात भरवशाची खूण. मराठी फिर्यादीत, पंचनाम्यात आणि ठाणे दैनंदिनीत पोशि, पोना, पोहवा, सपोउपनि, पोउपनि, सपोनि, पोनि, वपोनि अशी संक्षिप्त रूपं नंबराला किंवा नावाला जोडून येतात. महिला असेल तर पुढे ‘म’ लागतो: मपोशि, मपोहवा. जुन्या कागदांत सहायक पोलीस उपनिरीक्षकाला सहायक फौजदार, म्हणजे ‘सफौ’, लिहिलेलं सापडेल. बोलण्यात फौजदार म्हणजे पोलीस उपनिरीक्षक. इंग्रजी निकालात पद संदिग्ध असेल तर मूळ मराठी फिर्यादीची प्रत मागवा आणि तिथलं अक्षर पाहा. अनेकदा इंग्रजी निकाल हा मराठी कागदांवरूनच बनलेला असतो. आपण भाषांतराचं पुन्हा भाषांतर करत असतो, आणि मूळ पद फाइलमध्येच पडलेलं असतं.

सर्वाधिक गोंधळ होतो तो सहायक पोलीस उपनिरीक्षक आणि सहायक पोलीस निरीक्षक यांच्यात. इंग्रजीत एएसआय आणि एपीआय. पहिला शिपायापासून बढतीनं वर आलेला, उपनिरीक्षकाच्या खालचा. दुसरा उपनिरीक्षकाच्या वरचा, निरीक्षकाच्या खालचा, आणि लहान पोलीस ठाण्याचा प्रभारीही असू शकतो. हे दुसरं पद इतर बहुतेक राज्यांत नसतंच, म्हणून बाहेरचे टंकलेखक आणि कधी कधी परराज्यातले वकील त्याला एएसआय करून टाकतात. कागदात तपास, गुन्हा नोंदवणं किंवा ठाण्याचा प्रभार यांचा उल्लेख असेल आणि पद एएसआय छापलेलं असेल, तर मी सही आणि शिक्का तपासते. शिक्क्यावर ‘सहायक पोलीस निरीक्षक’ असतं आणि गोष्ट तिथेच मिटते.

हा फरक नुसता मानाचा नाही. काही कायद्यांत तपास कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा ते ठरलेलं आहे. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या 1995 च्या नियमांतल्या नियम 7 नुसार तपास पोलीस उपअधीक्षकापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानं करू नये. पुण्यातल्या अशा गुन्ह्यात तपास अधिकारी सहायक पोलीस आयुक्त असतो, आणि ते चालतं, कारण सहायक पोलीस आयुक्त आणि उपअधीक्षक एकाच दर्जाचे. जिल्ह्यात त्याच दर्जाचा माणूस उपविभागीय पोलीस अधिकारी म्हणून नेमलेला असतो. पण भाषांतरात हा माणूस ‘सहायक पोलीस निरीक्षक’ झाला, तर तपासच बेकायदा ठरेल असं वाचणाऱ्याला वाटेल. ‘असिस्टंट’ या एका शब्दानं सुरू होणारी तीन पदं कमीत कमी दोन पायऱ्यांच्या अंतरावर आहेत. म्हणून मी ती संक्षिप्त न लिहिता कागदात प्रत्येक वेळी पूर्ण लिहिते.

शहर आणि जिल्हा यांच्या शिड्या समोरासमोर लावून ठेवल्या की काम सोपं होतं. पोलीस उपायुक्त हा पोलीस अधीक्षकाच्या बरोबरीचा. अपर पोलीस आयुक्त सहसा उपमहानिरीक्षकाच्या दर्जाचा, तर मोठ्या शहरांतला सह पोलीस आयुक्त विशेष पोलीस महानिरीक्षकाच्या दर्जाचा. पोलीस आयुक्त मात्र दर्जा नाही, ती नेमणूक आहे. मुंबईचे आयुक्त अपर महासंचालक किंवा महासंचालक दर्जाचे असतात, लहान शहरांचे त्याहून खालच्या दर्जाचे. त्यामुळे ‘आयुक्तांच्या दर्जाचा अधिकारी’ अशी वाक्यरचना टाळावी, तिला अर्थच राहत नाही. तसंच वरिष्ठ पोलीस निरीक्षक हा वेगळा दर्जा नाही. ठाण्याचा प्रमुख असलेला तो निरीक्षकच आहे. इंग्रजी कागदात तो कधी सीनियर पीआय तर कधी नुसता पीआय येतो; तोच माणूस दोन वेगळी माणसं वाटू नये म्हणून नाव आणि तारीख जुळवून घ्या.

एसएचओ हा शब्द आला की थांबा. दिल्लीच्या किंवा उत्तर प्रदेशच्या कागदात स्टेशन हाउस ऑफिसर म्हणजे ठाण्याचा प्रमुख. आपल्याकडे ठाणे अंमलदार म्हणजे त्या वेळी दैनंदिनीवर बसलेला, तक्रार घेणारा अंमलदार, आणि तो हवालदारही असू शकतो. दिल्लीच्या एसएचओला ठाणे अंमलदार लिहिलं तर मराठी वाचक त्याला ठाण्याच्या प्रमुखाऐवजी हवालदार समजेल. तिथे ‘पोलीस ठाण्याचे प्रभारी अधिकारी’ लिहावं. अंमलदार हा शब्द महाराष्ट्रात शिपाई ते सहायक पोलीस उपनिरीक्षक या सगळ्यांसाठी मिळून वापरतात. तपासी अंमलदार, बीट अंमलदार ही त्यांच्या कामाची नावं आहेत, दर्जाची नाहीत.

परराज्यातल्या कागदांत असे आणखी काही शब्द घसरवतात. बेळगाव किंवा कारवारच्या कागदात डेप्युटी कमिशनर म्हणजे आपला जिल्हाधिकारी, आणि असिस्टंट कमिशनर म्हणजे प्रांताधिकारी. बेळगावची मराठी वर्तमानपत्रंही जिल्हाधिकारीच लिहितात. तिथे ‘उपायुक्त’ लिहिलं तर महाराष्ट्रातला वाचक त्याला पोलीस किंवा महापालिकेतला समजेल. सर्कल ऑफिसर आपल्याकडे महसुलातला मंडळ अधिकारी, उत्तर प्रदेशात तोच शब्द पोलीस उपअधीक्षकासाठी. गोव्यात तालुक्याचा अधिकारी आजही मामलतदार आहे, त्याला तहसीलदार करू नये. आपल्याकडेही मामलेदार शब्द बोलण्यात आणि कायद्यात उरला आहे. शेतरस्त्याच्या अडवणुकीचे दावे मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खालीच चालतात, मात्र ते ऐकणारा अधिकारी तहसीलदार असतो. अधिनियमाच्या नावात मामलेदार आणि अधिकाऱ्याच्या नावात तहसीलदार, असं एकाच परिच्छेदात लिहावं लागतं आणि ते बरोबरच आहे. परदेशातला कागद असेल तर एवढं लक्षात ठेवा की इंग्लंडात चीफ कॉन्स्टेबल हा एका प्रदेशाच्या संपूर्ण पोलीस दलाचा प्रमुख असतो. त्याला ‘मुख्य शिपाई’ लिहिलेलं मी पाहिलं आहे. तिथे पद लिप्यंतरानं ठेवून ‘त्या दलाचे प्रमुख’ असं जोडावं.

जमिनीच्या निकालांत ‘डेप्युटी सुपरिंटेंडेंट’ आला की पोलीस आठवू नका. तो उपअधीक्षक, भूमी अभिलेख, म्हणजे मोजणी खात्यातला तालुक्याचा अधिकारी. या निकालांत अपिलांचा क्रम हाताशी असावा: फेरफार तलाठी नोंदवतो, मंडळ अधिकारी प्रमाणित करतो, त्यावरचं अपील उपविभागीय अधिकाऱ्याकडे जातं आणि दुसरं अपील जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याकडे. निकालात नुसतं ‘कलेक्टर’ असलं तरी आदेशावर सही अपर जिल्हाधिकाऱ्याची असू शकते, कारण तो जिल्हाधिकाऱ्याचे अधिकार वापरू शकतो. आदेशाची प्रत जोडलेली असेल तर मी तिच्यावरून पदनाम घेते. नसेल तर निकालातलंच ठेवते.

‘अडिशनल’साठी महसूल, पोलीस आणि मंत्रालयात ‘अपर’ रूढ आहे: अपर जिल्हाधिकारी, अपर पोलीस अधीक्षक, अपर मुख्य सचिव. महापालिका आणि जिल्हा परिषदांत मात्र ‘अतिरिक्त’ चालतं: अतिरिक्त आयुक्त, अतिरिक्त मुख्य कार्यकारी अधिकारी. एकच शब्द सगळीकडे लावायचा हट्ट धरू नका. त्या कार्यालयाच्या शिक्क्यावर जे असेल तेच त्या माणसाचं पदनाम. ‘जॉइंट’ला सह, ‘डेप्युटी’ आणि ‘सब’ या दोघांनाही उप. म्हणून उपनिरीक्षक आणि उपअधीक्षक यांतला ‘उप’ इंग्रजीत वेगवेगळ्या शब्दांतून आलेला असतो. मराठीतून इंग्रजीत उलटं जाताना हे विसरलं की डेप्युटी इन्स्पेक्टर असं आपल्या राज्यात नसलेलं पद जन्माला येतं.

गावपातळीवरची पदनामं अलीकडे भराभर बदलली आहेत. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं ठरलं आहे, कोतवालाला महसूल सेवक, आणि ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही दोन्ही पदं एकत्र करून ग्रामपंचायत अधिकारी केलं आहे. मी इथे तारखेला धरून राहते. 2012 च्या सातबाऱ्यावर तलाठ्याची सही असेल तर भाषांतरातही तलाठीच. नव्या पदनामाचा मोह होतो, पण तसं केलं तर कागद आणि भाषांतर शेजारी ठेवणाऱ्या माणसाला दोघांत तफावत दिसते. कोतवाल शब्दाबाबत वेगळी काळजी. हिंदी कागदातला कोतवाल पोलीस ठाण्याचा अधिकारी असतो, आपला कोतवाल मात्र तलाठ्याच्या मदतीला असलेला गावचा सेवक होता. आणि पोलीस पाटील नावात पोलीस असला तरी पोलीस दलाच्या शिडीवर कुठेच नाही. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, 1967 खाली त्याची नेमणूक बहुधा प्रांत करतो आणि त्याला मानधन मिळतं. त्याच्या साक्षीचं भाषांतर करताना ‘पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब’ असा शब्दप्रयोग मूळात नसताना येऊ देऊ नका. तो पुरावा ग्राह्य की अग्राह्य हा वाद त्या शब्दावर उभा राहू शकतो.

शेवटी तुमच्या हातातल्या निकालासाठी काय करावं ते सांगते. एका कोऱ्या कागदावर निकालातला प्रत्येक अधिकारी, त्यानं काय केलं, कोणत्या तारखेला आणि कोणत्या कलमाखाली, एवढं लिहून घ्या. माणसं बहुधा चारच राहतील, पण नुसता ‘कमिशनर’ एका ठिकाणी विभागीय आयुक्त आणि दुसऱ्या ठिकाणी पोलीस आयुक्त असेल. एखाद्या ठिकाणी कोण अभिप्रेत आहे हे तारखेवरून आणि कलमावरूनही ठरत नसेल, तर अंदाजानं विशेषण लावू नका. तिथे ‘आयुक्त’ एवढंच ठेवा, खाली टीप द्या की मूळात कोणते आयुक्त ते स्पष्ट नाही, आणि ती जागा तुमच्या वकीलसाहेबांना दाखवा. त्यांच्याकडे मूळ आदेशाची प्रत असते.